टोपी टेबलावर आहे

प्रल्हाद गावंडेची मोठी मावशी दोनदा वारली. पहिल्यांदा दिवाळी झाल्याबरोबर, दुसऱ्यांदा होळीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या खेपेला मी त्याला म्हटलं, "अरे, ही तर मागंच गेलती ना?" प्रल्हाद जराही डगमगला नाही. म्हणाला, "तवा सिरियस होती. बातमी जरा लवकर आली."

आम्ही दोघं दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला आहोत. मी वजनकाट्यावर बसतो. कापसाची गाडी भरलेली आली की वजन, रिकामी झाली की पुन्हा वजन, आणि मधल्या वेळात एखादं पुस्तक, असं माझं आयुष्य. हजेरीचं रजिस्टरही माझ्याच खिडकीत असतं. प्रल्हाद ग्रेडर आहे. गाडीतला कापूस किती ओला, किती स्वच्छ, धागा किती लांब, हे तो ठरवतो. पावतीवर ओलावा लिहून तो सही करतो आणि त्यावर शेतकऱ्याचा भाव ठरतो. त्यासाठी मिलने त्याला ओलावा मोजायचं मीटर दिलं आहे. प्रल्हादचा मीटरवर विश्वास नाही. तो कोपरापर्यंत हात गाडीत घालतो, तळातला कापूस काढतो, मुठीत दाबतो, कानाशी नेतो आणि डोळे मिटतो. एखादा मोठा गवई तंबोरा लावतोय असं पाहणाऱ्याला वाटावं. मग डोळे उघडून म्हणतो, "आतली गोष्ट सांगू? दहा." नंतर मीटर लावायचं. मीटर बहुतेक वेळा दहाच दाखवतं. नऊ दाखवलं तर प्रल्हाद मीटरकडे कीव आल्यासारखं पाहतो.

"आतली गोष्ट सांगू?" हे त्याचं पालुपद. त्यानंतर येणारी गोष्ट साऱ्या गावाला माहीत असते, किंवा मग खरी नसते.

त्याला साधं कारण देताच येत नाही. उशीर झाला तर सायकल पंक्चर झाली असं आपण म्हणू. प्रल्हादच्या वाटेत कलेक्टरची गाडी बंद पडते आणि धक्का द्यायला नेमका तोच सापडतो. दाढ दुखली तर डॉक्टर म्हणतो, "गावंडे, अशी दाढ मी नोकरीत पाह्यली नाही." आमचे मालक शेठजी ऐकून घेतात. माणूस कामाचा आहे म्हणून सोडूनही देतात. पण मावशी दुसऱ्यांदा वारली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गावंडे, या मावशीले आता आराम करू दे."

प्रल्हादची सर्वात मोठी घोषणा मात्र दोन वर्षांपूर्वीची. पोरीला क्लास वन अधिकारी नवरा पाहणार, असं तो साऱ्या जिनिंगला सांगत असे. पोरीने राजूरच्या कोळसा खाणीतला इलेक्ट्रिशियन स्वतःच पाहिला आणि लग्न केलं. प्रल्हादने भर आवारात टोपी काढली, हात वर केला आणि जाहीर केलं, "आजपासून मले पोरगी नाही. विषय संपला!" मग टोपी घालून त्याने दोन कप चहा घेतला. त्यानंतर त्या विषयावर आमच्याकडे कोणी बोललं नाही. विषय असा समारंभाने संपवला की पुन्हा सुरू करणं अवघड जातं.

या वर्षी भर हंगामात, सोमवारी सकाळी तो माझ्या खिडकीशी आला. फाटकाबाहेर ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती आणि शेठजींनी महिनाभर कोणालाच सुट्टी नाही असं सांगून टाकलं होतं.

"विनायका, बुधवारी मी नाही."

"शेठजींना सांगितलं?"

"तेच तर. तू सांगायचं, मी इथंच हाओ म्हणून."

मग त्याने योजना मांडली. बुधवारी सकाळी रजिस्टरमध्ये त्याची सही मी करायची. त्याची पांढरी टोपी ग्रेडिंगच्या टेबलावर राहील. शेठजींनी विचारलं तर म्हणायचं, तिकडच्या ढिगावर गेला आहे. आवारात कापसाचे चार ढीग आहेत, एकेक घराएवढा. माणूस कायम पलीकडच्या ढिगामागे असू शकतो. आणि पावत्यांचं काय? त्याने पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. साठ पावत्यांवर सह्या करून ठेवल्या होत्या. एवढंच नाही, मला त्रास नको म्हणून ओलावाही भरून टाकला होता. साऱ्या पावत्यांवर आठ.

मी म्हटलं, "प्रल्हाद, बुधवारी साऱ्या तालुक्याचा कापूस आठवर थांबणार आहे का?"

"आठ कोणाले वाईट लागते? शेतकरी खुश, शेठ खुश."

"आणि एखाद्याने वजन वाढवायला तळाला पाणी मारलेलं असलं तर? तो माल ढिगात जाईल, आतून तापेल. पेटला तर सही तुझी, हजेरी तुझी, अन् तू इथं नाहीस."

"एका दिवसात काय पेटते बे!"

"जायचं कुठं आहे?"

"नागपूरले. कोर्टाची तारीख." थोडं थांबून, "दाढंची." आणखी थोडं थांबून, "तुले काय करायचं?"

त्याचं बरोबर होतं. कुठे जायचं हे सांगण्याची सक्ती मी करू शकत नव्हतो. नुसतं 'बघू' म्हणून वेळ मारून न्यावी असंही वाटलं. पण 'बघू' म्हटलं असतं तर त्याने 'हो' ऐकलं असतं, आणि बुधवारी मी त्याला तोंडघशी पाडलं असतं. म्हणून तेव्हाच सांगितलं.

"हे पाह्य. तुझी सही मी करणार नाही. शेठजींनी विचारलं, तर तू ढिगावर हाएस असंही म्हणणार नाही. मी आपण होऊन चुगली करायला जाणार नाही, पण विचारलं तर जे आहे ते सांगेन. हे तुले आजच सांगून राह्यलो, म्हणजे दोन दिवस हातात राहतील."

"दोस्त म्हणून मांगून राह्यलो, तर कायदा शिकवून राह्यला!"

"खोटं सोडून दुसरं काहीही माग. सुट्टीचा अर्ज लिहून देतो. तुझ्यासोबत शेठजींकडे येतो. आपले जुने ग्रेडर वामनराव रिटायर होऊन घरीच बसले आहेत, एका दिवसासाठी त्यांना मी घेऊन येतो. त्यांच्या हाताखाली पोती उचलायची झाली तरी उचलीन."

"वामनराव? त्याले ऐकू येत नाही."

"कापूस ऐकावा लागतो असं फक्त तूच मानतोस."

यावर तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. पावतीपुस्तक उचललं आणि गेला.

त्यानंतर दीड दिवस प्रल्हाद माझ्याशी बोलला नाही, पण त्याचं न बोलणंही मोठ्या आवाजातलं होतं. माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून तो हमालाला सांगे, "काट्यावरच्या साहेबाले सांगा, गाडी लावली." साहेब! हमाल एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "ऐकलं ना भाऊ त्यायनं?" दुपारी आम्ही एकत्र जेवतो. त्या सोमवारी त्याने डबा घेतला आणि ढिगाच्या सावलीला जाऊन पाठमोरा बसला. मी माझा डबा घेऊन त्याच्यापासून पाच हातांवर बसलो. रागावण्याचा हक्क त्याचा होता. जवळ बसण्याचा माझाही होता.

तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. त्याच्या डब्यात स्टँडवरचे पोहे होते. आठवलं की महिनाभर पोहेच होते. वहिनी अकोल्याला बहिणीकडे गेल्यात असं तो म्हणाला होता. आणि दुसरी गोष्ट, जेवण झाल्यावर तो कापडी पिशवीतून थोडा कापूस काढून बोटांनी साफ करत होता. एकेक सरकी, एकेक काडी वेगळी. ज्या आवारात मशिनी दिवसभर गाड्यांच्या गाड्या कापसाचं हेच काम करतात, तिथे हा माणूस मूठभर कापूस नखाने निवडत बसला होता. मी भाजीची फोड त्याच्या डब्याच्या झाकणावर ठेवली. त्याने ती खाल्ली.

मंगळवारी दुपारी चार वाजता तो पुन्हा खिडकीशी आला. हातात अर्ज होता.

"वाच. चुका पाह्य फक्त."

अर्ज चार ओळींचा होता. बुधवारी एक दिवसाची रजा मिळावी. कारण: मुलीला मुलगी झाली आहे, तिच्या बारशाला राजूरला जायचे आहे. त्याच्या खाली वेगळ्या ओळीत, 'खरे आहे.'

मी दोनदा वाचलं. आजवर त्याने दिलेल्या कारणांत इतकं बिनरंगाचं कारण दुसरं नव्हतं.

"वहिनी अकोल्याला नाहीत तर," मी म्हटलं.

"बाळंतपणाले गेली. मले विचारलंबी नाही." तो काट्याच्या आकड्यांकडे पाहत होता. "शनिवारी पोरीचा फोन आला. दोन वर्षांनी. 'बाबा, बुधवारी बारसं हाय,' म्हणे. 'या' म्हणली नाही. ठेवूनच देला. अन् मी तर साऱ्यायपुढं टोपी काढून बोललो होतो. आता कोणत्या तोंडानं सांगू, तिकडं जाऊन राह्यलो म्हणून? मावशी मेली म्हणणं सोपं हाय."

आम्ही शेठजींकडे गेलो. मी वामनरावांना आदल्या रात्रीच विचारून ठेवलं होतं आणि ते आनंदाने तयार झाले होते, हेही सांगितलं. शेठजींनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि प्रल्हादला सोडून माझ्याकडे पाहिलं.

"विनायकराव, खरं हाय?"

प्रल्हादचा चेहरा उतरला. आयुष्यात एकदा खरं लिहिलं आणि साक्षीदार मागितला गेला. मलाही क्षणभर प्रश्न पडला. कारण खरं सांगायचं तर मला काय माहीत होतं? जे आपण पाहिलं नाही ते खरं म्हणून सांगणं, ही टेबलावरच्या टोपीचीच गोष्ट झाली.

मी प्रल्हादला म्हटलं, "फोटो हाये का?"

त्याने फोन काढला. गुंडाळलेलं, लालबुंद, रागावलेलं एक बाळ. रागावलेलं असल्यामुळे नातं लगेच ओळखू येत होतं. मग त्याने पिशवीत हात घातला, अगदी गाडीत घालतो तसा कोपरापर्यंत, आणि वीतभर रुंदीची, हाताने शिवलेली एक गादी काढली. टाके वाकडे होते. शेठजींनी ती दोन बोटांत धरून दाबली. तेही कापसातले माणूस.

"लांब धागा," ते म्हणाले.

"एका ओळखीच्याकडून विकत घेतला, शेठजी. आपल्या ढिगातला नाही. ओलावा सहाच्या खाली हाय," प्रल्हाद म्हणाला. पहिल्यांदाच त्याने आतली गोष्ट सांगू का, असं विचारलं नाही.

मी म्हटलं, "शेठजी, फोटो आता पाह्यला. गादीचा कापूस निवडताना काल पाह्यलं. एवढं मी सांगू शकतो."

"बस झालं," शेठजी म्हणाले आणि सही केली.

बाहेर आल्यावर प्रल्हादने ते साठ पावत्यांचं पुस्तक काढलं. एकेक पावती फाडायला बराच वेळ गेला. निम्म्या मी फाडल्या.

बुधवारी पहाटेच्या एसटीने तो गेला. मी आलो तेव्हा ग्रेडिंगच्या टेबलावर त्याची पांढरी टोपी होती आणि शेजारी वामनराव मीटर उलटं धरून तपासत होते. टोपीखाली चिठ्ठी होती. 'विनायका, कोणी विचारलं तर मी नाही म्हणून सांग. कुठं गेलो तेबी सांग. समद्यायले.'

त्या दिवशी पुष्कळ गाड्या आल्या. जवळपास प्रत्येक जण टोपी पाहून विचारायचा, "प्रल्हादभाऊ कुठं गेले?" मी खिडकीतून सांगायचो, "राजूरले. नातीच्या बारशाले." काहींनी डोळे मोठे केले. काहींनी "मग विषय?" असं विचारलं. मी म्हटलं, विषय सुरू झाला.

संध्याकाळी महागावकडचा एक ट्रकवाला शेवटी आला. नवखा होता, प्रल्हादला ओळखतही नव्हता. त्याने काहीच विचारलं नाही. वजनाची चिठ्ठी देताना मीच त्याला सांगितलं.