पाचशेसाठी सेशन

जोतीरामनं ठरवलं होतं, आज फक्त पाचशे लावायचे. जिंकलं की फोन बंद, हरलं तर लगेच झोपायचं.

त्याची बायको चिमणाबाई, तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या आजारपणात म्हैस विकली, तेव्हापासून गोठा रिकामा होता. नव्या म्हशीसाठी बापलेकीनं साडेएकतीस हजार साठवले होते. झोप नाही म्हणून तो रात्री फोनवर परदेशातली मॅच बघत बसायचा.

बुकी सम्राट फोनवर सेशन घ्यायचा. सहा ओव्हरमध्ये किती रन होतील, त्याचा आकडा तो द्यायचा. त्याहून जास्त होणार वाटलं तर येस, कमी वाटलं तर नॉट. जेवढे लावले तेवढेच मिळणार, हिशेब सोमवारी.

पाचशे गेले. मग दहा ओव्हरला हजार लावले, म्हणजे गेलेले वसूल. तेही गेले. पंधराला दोन हजार, विसाला चार हजार. डाव संपला, जोतीरामची झोप उडाली.

दुसऱ्या डावात सहा ओव्हरसाठी सम्राटनं एकोणपन्नास दिले. जोतीराम विचार करत होता, एवढ्यात शेजारच्या आकारामच्या घराकडून जोरात ओरडा झाला. आकारामचा टीव्ही केबलचा, जोतीरामच्या फोनपेक्षा एक बॉल पुढं. चौकार बसला असणार. त्यानं झटकन ‘येस, आठ हजार’ पाठवलं.

“पक्कं,” सम्राटचं उत्तर आलं.

फोनवर बॉल पडला आणि फलंदाजाची दांडी उडाली. सम्राटला मैदानावरून थेट खबर असायची. आकारामच्या टीव्हीच्याही आधी.

“आकाराम, कशाला ओरडलास?” जोतीराम खिडकीतून म्हणाला.

“म्हस व्याली की, दादा. रेडी झाली. टीव्ही कुणाला बघाय येळ हाय?”

सेशन त्रेचाळीसवर संपलं. एकूण गेलेले साडेपंधरा हजार. आता दहा ओव्हरला येसवर सोळा हजार लावले की सगळं परत. तो टाईप करू लागला, तोच लेकीनं, क्रांतीनं मागून हात धरला. आकारामच्या ओरड्यानं तीही जागी झाली होती.

“काय चाललंय, आबा?”

त्यानं सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. त्याचंच त्याला जड गेलं.

“सोळा जिंकलासा, साडेपंधरा भरलासा, की हातात किती?”

“पाचशे.”

“आणि हरलासा तर?”

“साठवलेलं सगळं गेलं.”

तिनं फोन घेतला आणि ते दोघं आकारामकडं गेले. ओली रेडी पाय पसरून उभी राहायला बघत होती. जोतीरामनं तिला गोणपाटानं पुसलं. आकारामच्या गोठ्यात दीड वर्षाची दुसरी रेडी होती. सोळा हजारांत देतो म्हणाला; सम्राटचे भागवून तेवढेच उरणार होते. म्हैस नाही, पण गोठा भरणार होता.

सकाळी क्रांतीनं फोन बघितला. “आबा, दहा ओव्हरचं सेशन येस आलं. पाचशे मिळालं असतं.”

जोतीराम गोठा झाडत होता. तो थांबला.

“त्या पाचशेचं काय केलं असतासा?” तिनं विचारलं.

“आज रात्रीच्या मॅचला लावलं असतं की,” तो म्हणाला आणि परत झाडू लागला.