चूक माझी, पाट मांडलाय

कुंडलचे निवृत्त सुभेदार नानासो यांनी आपल्या थोरल्या बहिणीस दिवाळीच्या शुभेच्छा देण्याचे ठरवले, ही बाब वरकरणी किरकोळ होती. परंतु अक्का, म्हणजे फलटणच्या गोदावरीबाई, चार वर्षांपासून भाऊबीजेला येत नव्हत्या. नानासोंच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत ‘आपले नम्र’ या सदराखाली सत्त्याऐंशी नावे छापली होती. त्यांत ट्रॅक्टरचा एजंट होता, ऊसतोडीचा मुकादम होता. नवऱ्या मुलाची सख्खी आत्या तेवढी राहून गेली होती. प्रूफ नानासोंनी स्वतः तीनदा तपासले होते.

यंदा अक्का आलीच पाहिजे, म्हणून नानासोंनी चार पाने पत्र लिहिले. पहिल्या पानावर पाऊस आणि ऊस होता. दुसऱ्यावर स्वतःचा गुडघा आणि म्हशीचे दुखणे. तिसऱ्या पानाच्या तळाशी, बोअरच्या मोटारीविषयी लिहिता लिहिता, अर्ध्या ओळीत पत्रिकेचा उल्लेख होता. चौथ्या पानावर अक्काच्या सर्व नातवंडांना नावानिशी आशीर्वाद होते. लिहिताना नानासो दोनदा रडले, आणि सैन्यातल्या माणसाने डोळे पुसू नयेत म्हणून ते तसेच वाळू दिले.

सून मयूरी सांगलीत एका जाहिरातवाल्याकडे मजकूर लिहिण्याचे काम करी. तिने पत्र वाचले.

“आबा, छान आहे. पण आत्या हे फोनवर वाचणार. बंद फोनवर पहिली ओळच दिसते. तुमची पहिली ओळ आहे, ‘पत्र लिहिण्यास कारण की, इकडे पाऊसमान बरे आहे.’”

“मग? बरं हाय की पाऊसमान.”

“पहिला शब्द ‘अक्का’ पाहिजे. हाक मारली की माणूस वळून बघतं.”

मग कापाकापी सुरू झाली. ‘आपणांस व आपल्या कुटुंबीयांस’ गेले, कारण ते बँकही लिहिते. पणत्यांचे चित्र गेले, कारण ते चित्र आले की लोक मजकूर वाचत नाहीत. दिव्यांचा लखलखाट, सुख-समृद्धी आणि भरभराट एकत्र गेली. म्हैस जाताना नानासोंना फार वाईट वाटले.

“एक हात लावता येईल अशी वस्तू ठेवायची,” मयूरी म्हणाली. “पाट ठेवू. आणि तुमचं ‘न्हाई’ तसंच ठेवते, तुमचा आवाज येतो त्यात.”

“आनि पत्रिकेचं?”

“ते लिहायचं नाही. ‘चूक माझी’ एवढंच. कुठली, ते वाचणारा आपल्या मनानं भरतो. तिथंच तर त्याला वाटतं की हे खास माझ्यासाठी आहे.”

नानासोंना हे ऐकून हायसे वाटले. पत्रिकेचा विषय शास्त्रशुद्ध कारणाने टळत होता. शेवटी उरले ते असे:

‘अक्का, चार दिवाळ्या गेल्या. चूक माझी. भाऊबीजेला पाट मांडून वाट बघतोय. तू आल्याबिगार फराळाला हात लावनार न्हाई.’

मयूरीने हे आपल्या फोनवरून नानासोंना पाठवले. परंतु घराण्यात कोणताही कागद चुलतभाऊ पृथ्वीराज यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नसे. पृथ्वीराज साताऱ्यात राहत आणि एका पतसंस्थेच्या निवडणुकीला उभे होते. नानासोंनी मजकूर मंजुरीसाठी तिकडे धाडला आणि आदेशाची वाट पाहत बसले.

पृथ्वीराजांनी मजकूर दोनदा वाचला आणि चष्मा पुसला. मग त्यांना अकराशे चाळीस सभासदांची आठवण झाली. कार्यालयातील शिवांजली या कर्मचारी मुलीने सभासदांच्या यादीत ‘नाव’ या रकान्याशेजारी ‘हाक’ नावाचा नवा रकाना उघडला आणि वय व नाते पाहून अक्का, तात्या, वहिनी, गुरुजी अशी भरती केली. ‘चार दिवाळ्या’चे ‘बऱ्याच दिवाळ्या’ केले. वडीलधाऱ्यांसाठी ‘तू’ काढून ‘तुमी’ घातले. ‘न्हाई’ला हात लावला नाही. वसुबारसेला सकाळी यंत्राने पृथ्वीराजांच्या वतीने एकेकाच्या फोनवर त्याला नावाने हाक मारली. गोदावरीबाई सभासद क्रमांक दोनशे सहा होत्या.

नानासोंना मंजुरीचा अंगठा पाडव्याला मिळाला. त्यांनी लगेच मयूरीचा संदेश बोटाने दाबून धरला आणि अक्काकडे ढकलला. शब्द कॉपी करून नव्याने चिकटवले तर कोणाला काही कळत नाही. ढकलले तर डोक्यावर बारीक अक्षरांत ‘फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का बसतो. सुभेदारांना वाटले, शिक्का आहे म्हणजे अधिकृत आहे.

दहा मिनिटांत मयूरीचा फोन वाजला.

“तुज्या सासऱ्याला सांग,” अक्का म्हणाल्या, “पृथ्वीराजनं सोताच्या हातानं लिवलं, ‘गोदावरीअक्का’ म्हनून. आनि ह्यो सख्खा भाऊ त्याचंच उचलून माज्याकडं ढकलतोय! मी भाऊबीजेला साताऱ्याला निघाले.”

नानासोंनी हे ऐकून एसटीचे वेळापत्रक काढले. मग चार पानांचे मूळ पत्र पुरावा म्हणून खिशात घालून भाऊबीजेच्या पहिल्या एसटीने साताऱ्याला गेले.

पृथ्वीराजांच्या दारात मांडव होता. चूक कबूल केल्याचा संदेश ज्यांना मिळाला, त्यांपैकी सातशेजण पाटावर बसण्यास आणि कोणती चूक ते सांगण्यास आले होते. कोणाच्या वडिलांच्या दहाव्याला पृथ्वीराज गेले नव्हते. कोणाला त्यांनी औंधच्या यात्रेत ओळख दाखवली नव्हती. एक तात्या तर दोन तास रडून म्हणाले, “मानूस मोटा हाय. आमी इसरलो हुतो, त्यानं ध्यानात ठिवलं.” पृथ्वीराजांना त्यातले काहीच आठवत नव्हते. कार्यालयाने तातडीने ‘चूक निवारण कक्ष’ स्थापन केला होता. तेथे टोकन घेऊन अर्ज भरावयाचा, मग मंडपवाल्याकडून आणलेल्या पाटावर बसावयाचे, मग एक लाडू.

अक्का कक्षाच्या खिडकीशी उभ्या होत्या. ओवाळण्याचे ताट त्यांच्या हातात होते. शिवांजलीने त्यांचा अर्ज पाहिला.

“आजी, ‘चुकीचे स्वरूप’मध्ये तुम्ही ‘लग्नपत्रिका’ लिहिलंय. साहेबांनी कुठलीच पत्रिका काढली नाही. ही चूक आमच्याकडे नोंद नाही.”

“मग त्यानं माफी कशाची मागितली?”

“ते अर्जदारानं सांगायचं असतं.”

अक्कांचा चेहरा पडला. चार वर्षांनी कोणीतरी चूक कबूल केली होती, आणि ती भलत्याच्याच दाराशी निघाली. त्या वळणार, तोच मागून आवाज आला.

“ती चूक माजी हाय. पत्रिकेत तुजं नाव मी इसरलो. तीनदा वाचली, तरी इसरलो अक्का.”

टोकन घेतलेले सगळे वळून बघू लागले. इतकी स्पष्ट नोंद दिवसभरात प्रथमच झाली होती.

“हे फोनवर म्हनला असतास तर?” अक्का म्हणाल्या. “घटकाभराचं काम हुतं.”

“लिवलं हुतं की. ह्ये बघ, तिसऱ्या पानावर.”

अक्कांनी चार पाने हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि न वाचता पिशवीत ठेवली. “घरी वाचीन,” त्या म्हणाल्या. “चल आता, तुज्या घरच्या पाटावर बस. ह्यो भाड्याचा हाय.” नानासोंनी या वेळी डोळे पुसले.

कुंडलच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर अक्कांना आपली धाकटी जाऊ तानुबाई आठवली. सहा वर्षांचा अबोला होता. त्यांनी फोन काढला, मयूरीला लावून कॉपी कसे करायचे ते विचारून घेतले, ‘अक्का’च्या जागी ‘तानू’ घातले, आणि कोणती चूक ते मोघमच ठेवून पाठवून दिले.

तेव्हापासून हा मजकूर बराच फिरला आहे. तुमच्याकडेही आलाच असेल, तुमच्या नावाने, शिक्क्याशिवाय. वाचून तुम्ही डोळे पुसले असतील, आणि तुम्ही उत्तरादाखल हात जोडल्याची खूण पाठवली असेल. हरकत नाही. फक्त पाठवणारा त्या दिवशी खरोखरच पाट मांडून बसला होता की नाही, हे बघायला तुम्ही काही गेला नाहीत.