अक्कांनी तपासलेल्या तीन ओव्या

लग्न होऊन या घराच्या दारात पहिल्यांदा उभी राहिले आणि मी एक घोडचूक केली. नवऱ्याला चंद्राची उपमा दिली.

तेव्हा मला वाटायचं, आपण कवयित्री आहोत. दोन वेण्या, अंगावर शालू, आणि डोक्यात नुसती हवा. आरशासमोर उभी राहून उखाणा घोटून घोटून पाठ केला होता. नवऱ्याकडे मात्र नीट पाहिलंच नव्हतं. मुलींनी मान खाली घालायचे दिवस होते ते. तर मी दारात ठणकावून म्हटलं, "चंद्रासारखा मुखडा, शोभे दारी सडा, मल्लिनाथरावांचं नाव घेते, वाट माझी सोडा."

दार अडवून उभ्या असलेल्या नणंदेनं वाट सोडली नाही. हाताची घडी घालून तिनं विचारलं, "उपमेय मल्लूचा चेहरा. उपमान चंद्र. दोघांत सारखं काय? साधारण धर्म सांग."

"तेज," मी पुटपुटले.

तिनं भावाला हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं. लहानपणी देवी येऊन गेलेल्या. गालभर व्रण. "तेज नाही गं दिसत. खड्डे दिसतायत. उपमा चपखल बसली, तुला हवी तिथं नाही बसली इतकंच."

सगळा मांडव हसला. सगळ्यात मोठ्यानं मल्लिनाथराव. मी रडत रडत माप ओलांडलं.

या माझ्या थोरल्या नणंदबाई, अक्का. मुलींच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर सगळं सोलापूरच आपला वर्ग आहे असं धरून चालल्या. सात रस्ता चौकाच्या मागच्या गल्लीत माडीवर दोन खोल्यांत एकट्या राहतात. ऐंशी उलटली, पण जिना चढताना कुणी हात धरलेला चालत नाही.

रस्त्यानं त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा. फ्लेक्सवर 'वाघासारखं नेतृत्व' दिसलं की भर चौकात ओरडतात, "धर्म कुठाय? धर्म कुठाय यात?" लोक दचकून मागे बघतात. मी पदरानं तोंड झाकते. शेंगाचटणीवाल्यानं "आगीसारखी हाय, आजी" म्हटलं की चिमूटभर जिभेवर ठेवणार, डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबणार, आणि मग निकाल देणार, "बसली." नाही बसली तर कानडीत एकच शब्द: "साकु!" म्हणजे पुरे.

त्यांना पूर्ण मान्य असलेला माणूस एकच, आमचे डॉक्टर. "छातीत सुई टोचल्यासारखं होतंय, की दगड ठेवल्यासारखं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा अक्का दुखणं विसरून माझ्याकडे वळल्या. "बघ. अख्ख्या गावात हा एकटा उपमा नीट विचारतो. चुकली तर माणूस मरेल ना!"

हे सगळं गमतीचं. पण पुतण्याच्या साखरपुड्यात मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, "आमची पोर गाईसारखी आहे," आणि अक्कांनी विचारलं, "साधारण धर्म कोणता? शिंगं की रवंथ?" लग्न झालं, पण ते व्याही अजून आमच्या घरचं पाणी पीत नाहीत.

म्हणून माझ्या नातीचा, मुक्ताचा साखरपुडा ठरला तेव्हा माझी झोप उडाली.

मुक्ता सावळी. सावळी म्हणजे माझ्यासारखी, तव्याच्या जवळपासची. याआधी दोन ठिकाणांहून गोड गोड निरोप आले होते, "मुलगी फार हुशार आहे हो, पण..." त्या 'पण'च्या पुढचं कुणी बोललं नाही, आणि पोरीनं ते न बोललेलंच पाठ करून ठेवलं. मग मंद्रूपचं हे स्थळ आलं. मुलगा तिच्याच बँकेतला. दोघांनी आपलं आपण ठरवलेलं. मुलाची आई महादेवीबाई, नवरा गेल्यावर शेती आणि खताबियाण्याचं दुकान एकटीनं चालवणारी, आवाज असा की ट्रॅक्टर लाजावा. आदल्या दिवशी मुक्तानं मला विचारलं, "आजी, त्यांनी मला नीट बघितलंय ना गं? की मुलानं हट्ट धरलाय म्हणून गप्प आहेत?"

मी म्हटलं, "बघितलंय की." मला काय ठाऊक?

अक्कांना मी शपथ घातली. "एक शब्द बोलायचा नाही. पोरीचं आयुष्य आहे." त्यांनी तोंडात लवंग ठेवली आणि मान डोलावली.

हॉलमध्ये अंगठ्या झाल्या, ओट्या भरल्या. आता पानं मांडायची, एवढ्यात महादेवीबाई उभ्या राहिल्या. "सुनंसाठी म्या तीन ओव्या रचल्यात. म्हणू का?" मी चिमटा काढायच्या तयारीत अक्कांच्या मांडीवर हात ठेवला.

"सून माझी चांदण्यावाणी, गोरा गोरा तिचा रंग;
दिवा लावाया नको आता, उजेड आला तिच्यासंगं."

मंडळींनी "वा वा" केलं. मी मुक्ताकडे पाहिलं. तिनं हात हळूच पदराखाली घेतले. चेहरा तसाच हसरा, पण त्यातलं हसू निघून गेलं होतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं: त्यांना ही मुलगी दिसतच नाहीये, किंवा दिसतेय म्हणून झाकतायत.

अक्कांच्या तोंडात लवंग कडकन फुटली. मी चिमटा काढला. त्या गप्प राहिल्या. खरंच राहिल्या!

पण महादेवीबाईच म्हणाल्या, "बाई, तुमी मराठीच्या मास्तरीण म्हणं. सांगा की, कसं जमलंय? मनात ठिवू नका."

"विहीणबाई, पानं वाढतायत," मी घाईघाईनं म्हटलं.

"वाढू द्या की. बाई, सांगा."

अक्का उठल्या.

"उपमा आहे," अक्का म्हणाल्या. "उपमेय सून, उपमान चांदणं, 'वाणी' हा साम्य सांगणारा शब्द. तीन गोष्टी आहेत. चौथी नाही."

"कंची?"

"साधारण धर्म. तुम्ही म्हणता गोरेपणा. तो चांदण्यात आहे. हिच्यात कुठाय?"

कुणाच्या तरी हातातली वाटी खाली पडली. मुक्ताच्या बापानं डोळे मिटून घेतले. मुलाकडचे एक काका "चला, येतो आम्ही" अशा बेतानं टोपी सारखी करू लागले. मला वाटलं, संपलं.

महादेवीबाईंचा चेहरा लालबुंद झाला. "म्या पोरीचा मान ठिवाया म्हटलं! सुनंला काळी कसं म्हणावं मानसानं?"

"मान ठेवलात, पोर राहिली बाजूला," अक्का म्हणाल्या. आवाज मात्र वर्गातला नव्हता, बारीक होता. "चांदणं कशाला आणता? ते सगळ्यांच्या सुनांना लावून लावून झिजलंय. उपमान आपल्या रोजच्या बघण्यातलं घ्यावं. तुम्ही सकाळी उठून काय बघता?"

"रान बघती. दुसरं काय?"

"कसलं आहे?"

"काळं की हो! लई काळं. आमच्या रानाला जोड न्हाई. वरनं ऊन भाजतंय, पर हातभर उकरा, आत ओल असती. थंडीतल्या नुसत्या दवावर शाळू उभा ऱ्हातोय..." आणि त्या थांबल्या. मुक्ताकडे बघू लागल्या. अंगठी घालताना पाहिलं होतं तसं नव्हे. बाजारात बियाणं हातात घेऊन बघतात तसं, सावकाश. मग गळा मोकळा करून, अडखळत, त्यांनी जोडलं:

"सून माझी काळ्या रानावाणी, आत धरती ओल;
वरनं ऊन कितीबी तापू दे, गोड तिचा बोल."

"बसली," अक्का म्हणाल्या. "रंग जुळला, खोली जुळली, आणि जिनं दिली तिच्या जिवाजवळची आहे."

मुक्ताचे हात पदराबाहेर आले. काकांनी टोपी पुन्हा मांडीवर ठेवली.

"दुसरी म्हणा," अक्का म्हणाल्या.

महादेवीबाई आता परीक्षेला बसल्यासारख्या ताठ.

"हसली सून माझी, बाजार थांबला आठवड्याचा;
तराजू धरून उभा वाणी, इसरला भाव कांद्याचा."

"अतिशयोक्ती," अक्का म्हणाल्या, आणि काकांचा हात पुन्हा टोपीकडे गेला. "बाजार काही थांबणार नाही. पण अतिशयोक्तीत माप खोटं चालतं, मूळ खोटं चालत नाही. हे मूळ खरं आहे का बघू." त्या मुक्ताकडे वळल्या. "हस गं."

आता असं सांगितल्यावर कोण हसेल? पण मुक्ताला आवरेना. ती हसली, तिचं ते खिदळणं, ज्यासाठी तिला शाळेत बाकावर उभं करायचे. वाढपी पळी हातात धरून जागच्या जागी उभा राहिला.

"बसली," अक्का म्हणाल्या. "साक्षीदारासकट."

हॉल हसला. चिमट्यासाठी आवळलेली माझी बोटं सुटली ती तेव्हा. तिसरी ओवी महादेवीबाईंनी हळू म्हटली, ट्रॅक्टर बंद करून म्हणावी तशी.

"उंबरा बसला कान देऊन, कुणाचं वाजंल पाऊल;
दाराची कडी जागी ऱ्हाती, घेती सुनंची चाहूल."

आम्ही अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी चष्मा काढून हातात धरला.

"चुकली का ओ?" महादेवीबाई घाबरल्या.

"नाही." अक्कांनी चष्मा पुसला. "चेतनगुणोक्ती आहे. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते. तिथं लोक फार घोळ घालतात, उंबऱ्याला नाचवतात, दाराला गायला लावतात. वस्तूनं आपली जागा सोडायची नाही. उंबरा मुळात खाली बसलेलाच असतो, म्हणून तो ऐकतो हे पटतं. कडी वाऱ्यानं वाजते, म्हणून ती जागी." थोडं थांबून म्हणाल्या, "यात मला तपासायला काही नाही. हे असंच असतं." आणि पानावर बसल्या.

संध्याकाळी मी त्यांना रिक्षानं घरी सोडलं. जिन्यात माझा हात धरू दिला नाही. पण मी मागे येतेय ना, हे दोनदा वळून पाहिलं. दाराला नुसती कडी लावलेली. "कुलूप का नाही?" मी विचारलं. म्हणाल्या, "कुणी आलं तर परत जायला नको." आत एक खुर्ची खिडकीशी, दुसरी तिच्यासमोर. दुसऱ्या खुर्चीवरची गादी अजून नव्यासारखी होती. इतकी वर्षं येते मी या घरात, पण नेहमी दारातूनच डबा देऊन घाईनं पळणारी. त्या खुर्चीत मी बसले, चहा झाला, मुलाकडच्या त्या काकांच्या टोपीवर आम्ही दोघी पोट धरून हसलो.

निघताना अक्का दारात आल्या. उंबऱ्याच्या आत उभ्या राहून, जिन्याकडे बघत, शाळेतल्यासारख्या म्हणाल्या, "सुमे, तू जिना उतरलीस की ही खोली रुसून बसते. अलंकार ओळख."

आता एवढ्या वर्षांत, एवढे अपमान गिळून, मला हे येत नसेल होय? शेंबडं पोरही सांगेल. मी पदर सावरला, विचार करत असल्यासारखा चेहरा केला, आणि म्हटलं, "उपमा."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "साकु! 'सारखी' कुठाय त्यात, 'वाणी' कुठाय? काही येत नाही तुला, सुमे. उद्या सकाळी ये, पहिल्यापासून शिकवते. आणि डबा घेऊन ये, वेळ लागेल."