शर्तींस अधीन राहून अभिनंदन

सकाळी सव्वाअकराला टेबलावरचा फोन वाजला, तेव्हा जावकबाबूंच्या एका हातात गोंदाची बाटली होती आणि दुसऱ्या हाताला पाकीट चिकटलं होतं.

"जावक?"

"बोला, रेकॉर्ड."

कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर घालून, शिक्का मारून तो रवाना करायचं काम त्यांचं, म्हणून ते जावकबाबू. ताई रेकॉर्डरूम सांभाळायच्या, म्हणून त्या रेकॉर्ड. बावीस वर्षं दोघांनी एकाच बाकावर बसून डबा खाल्ला होता. खरी नावं हजेरीपटापुरती उरली होती.

"आत्ताच डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडले," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज धावत आल्यासारखा होता. "स्कॅन बघितला त्यांनी. मानेतल्या गाठी गेल्या. छातीत काही नाही, पोटात काही नाही. कुठेच काही नाही! रेमिशन म्हणाले. कम्प्लीट रेमिशन. ऐकताय ना? पहिला फोन तुम्हालाच केलाय."

जावकबाबूंनी सगळं ऐकलं. त्यांनी तोंड उघडलं. आणि सव्वीस वर्षं जे वाक्य दिवसातून चाळीस वेळा बाहेर पडत होतं, तेच बाहेर पडलं.

"बरं. नोंद घेतली."

आणि त्यांनी फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर ते रिसीव्हरकडे बघत बसले. आपण काय केलं हे कळायला त्यांना पाव मिनिट लागलं. त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधीची दोन वर्षं त्यांनी दवाखान्यातल्या खुर्च्यांवर बसून ताईंनी आत्ता सांगितलेलं हेच वाक्य ऐकायची वाट बघितली होती. दर वेळी डॉक्टर दुसरंच काहीतरी बोलायचे. आज ते वाक्य शेवटी आलं, दुसऱ्या घरासाठी आलं, पण आलं. आणि त्यांचा गळाच बंद झाला.

त्यांनी परत फोन लावला. ताईंनी "हॅलो" म्हटलं. इकडून आवाजच फुटेना. ताईंनी तीनदा "कोण आहे?" विचारलं आणि फोन ठेवून दिला.

बोलता येत नाही तर लिहावं, असं जावकबाबूंनी ठरवलं. एक कोरा कागद घेतला आणि लिहिलं : "ताई, बातमी कळली. आम्हा सगळ्यांना अतिशय आनंद झाला. मनापासून अभिनंदन. लवकर या." खाली सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, आणि संध्याकाळी स्वतः जाऊन हातात द्यायचा. दुपारपर्यंत गळा मोकळा होईल, असा त्यांचा हिशेब होता.

पण त्या कार्यालयात सुटा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नसे. तो फाईलमध्ये घालावा लागे, आणि फाईल समोर आली की तिच्यावर शेरा मारावा लागे. शेरा न मारता फाईल पुढे सरकवणं म्हणजे काम न करणं.

फाईल पहिल्यांदा आस्थापनाबाईंकडे गेली. बातमी वाचून बाईंनी आधी डोळे पुसले. मग चष्मा लावला.

"जावकबाबू, हे 'लवकर या' कसं चालेल?"

"का? लवकर यावं असं वाटत नाही तुम्हाला?"

"वाटतं हो! पण फिटनेस सर्टिफिकेट कुठे आलंय? सर्टिफिकेटशिवाय बोलावलं तर उद्या मलाच विचारतील." आणि बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : "वैद्यकीय प्रमाणपत्र प्राप्त होईपर्यंत 'लवकर या' हे शब्द वगळावेत. सादर."

पुढचं टेबल कायदेबाबूंचं. कायदेबाबू मनाने इतके हळवे, की गेले सात महिने दर रविवारी ते ताईंच्या घरापर्यंत जायचे, आणि ताईंना त्रास नको म्हणून बेल न वाजवता परत यायचे. हात मात्र अत्यंत सावध होता.

"रेमिशन म्हणजे बरं होणं नव्हे बरं का," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या मेव्हण्यानं सांगितलंय. स्कॅनमध्ये आज काही दिसत नाही, एवढाच अर्थ. डॉक्टर 'बरे झालात' हा शब्द पाच-पाच वर्षं काढत नाहीत. आपण आत्ताच अभिनंदन केलं आणि पुढे काही... तर आपण खोटी आशा दाखवल्यासारखं होईल."

"अहो, हे सगळं त्यांना डॉक्टरांनी सांगितलंच असेल की!"

"सांगितलं असेल. पण आपल्या फाईलवर कुठे आहे?"

त्यांनी पाऊण पान लिहिलं. 'सद्यःस्थितीत' हा शब्द घालावा. 'अतिशय' याचं प्रमाण निश्चित होत नाही, तो काढावा. 'आम्हा सगळ्यांना' यात रजेवर असलेले कर्मचारी येतात का, ते स्पष्ट करावं.

फाईल साहेबांकडे गेली. साहेब त्या दिवशी एका बैठकीच्या गडबडीत होते. त्यांनी सगळे शेरे वाचले, "सहमत" असं लिहिलं आणि सगळ्या सूचना घालून अंतिम मसुदा टाईप करून घेतला :

"आपल्या वैद्यकीय अहवालाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर अहवाल सद्यःस्थितीपुरता ग्राह्य धरून व पुढील तपासण्यांच्या निष्कर्षांस अधीन राहून, आपले योग्य ते अभिनंदन करण्यात येत आहे. यापुढील घडामोडींस हे कार्यालय जबाबदार राहणार नाही."

खाली साहेबांची सही. सहीखाली शिक्का.

हे होत होतं तेव्हा जावकबाबू व्हरांड्यात पाण्याच्या कूलरसमोर उभे राहून सराव करत होते. "अभिनंदन, ताई." मग जरा मोठ्याने, "अभिनंदन!" गळा सुटत आला होता. खुशीत ते टेबलावर परतले. ट्रेमध्ये एक फाईल पडली होती, साहेबांच्या सहीची. त्याच वेळी फोन वाजला. मान वाकडी करून रिसीव्हर खांद्यात धरून ते बोलत राहिले, आणि हात आपलं काम करत राहिले. नंबर घातला. शिक्का मारला. मोठं पाकीट घेतलं. पत्ता लिहिला, चिकटवलं आणि स्कूटरवरून टपाल वाटणाऱ्या काकांच्या पिशवीत टाकलं.

अर्ध्या तासाने रजिस्टरची ओळ पुरी करताना त्यांनी स्वतःचंच अक्षर वाचलं : "विषय : अभिनंदन (सशर्त). सोबत : संपूर्ण फाईल, शेऱ्यांसह."

"मेलो!" जावकबाबू ओरडले. गळा पूर्ण सुटला होता.

चप्पल घालायलाही न थांबता ते बसमध्ये चढले, आणि दोन स्टॉप गेल्यावर आपण कार्यालयातल्या रबरी सपाता घालून निघालो हे त्यांच्या लक्षात आलं. सकाळी ताईंनी पहिला फोन आपल्याला केला. आपण नोंद घेतली. आणि दुपारी त्यांना घरपोच काय पाठवलं, तर जबाबदार राहणार नाही! बावीस वर्षांची मैत्री आपण एका दिवसात, स्वतःच्या हाताने शिक्का मारून, रवाना केली.

दार ताईंच्या यजमानांनी उघडलं, तेही फटीएवढं.

"या," ते कुजबुजले. "हळू. ती आत आहे. काहीतरी पाकीट आलंय ऑफिसातून. तेव्हापासून नुसती हुंदके देतेय."

जावकबाबूंनी सपाता दाराशी काढल्या. ते आत गेले. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. डोक्यावरचा रुमाल खांद्यावर घसरला होता, आणि डोक्यावर बोटभर नवे, मऊ, करडे केस उगवले होते. फाईल मांडीवर होती. खांदे गदगदा हलत होते.

"ताई, मी सांगतो. ते चुकून..."

ताईंनी मान वर केली. त्या रडत नव्हत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पोट दुखत होतं म्हणून एक हात पोटावर होता.

"'योग्य ते अभिनंदन'!" त्या कशाबशा म्हणाल्या. "जावक, योग्य ते म्हणजे किती हो?"

"ताई, मला माफ करा."

"कशाला? सात महिन्यांत एवढी हसले नाहीये मी. इथे सगळे कुजबुजतात. सहा केमो झाल्या, दर तीन आठवड्यांनी एक. तेव्हा कुजबुजले, ठीक. आज रिपोर्ट आला, तरी कुजबुजतायत! 'आनंद झाला, पण जपून.' 'छान झालं, पण अजून काही सांगता येत नाही.' अहो, दर तीन महिन्यांनी तपासायला बोलावलंय, कशावर लक्ष ठेवायचं त्याचा कागद दिलाय, सगळं नीट समजावलंय मला. काळजी करायला डॉक्टर आहेत, मी आहे. तुम्ही नुसता आनंद करा ना! तेवढं कुणीच करेना." त्यांनी डोळे पुसले. "आणि तुम्ही! तुम्ही तर नोंद घेतलीत."

जावकबाबू उभेच होते. त्यांनी कूलरसमोर केलेला सराव आठवायचा प्रयत्न केला. त्यातलं काही आठवलं नाही.

"अभिनंदन!" ते इतक्या जोरात ओरडले की यजमान दचकून बाजूला झाले. "अभिनंदन हो ताई! सगळं गेलं! कुठेच काही नाही! अभिनंदन!"

शेजारच्या भिंतीवर कुणीतरी ठोकलं.

"ठोका!" यजमान भिंतीकडे तोंड करून पहिल्यांदाच मोकळ्या आवाजात ओरडले. "आमची बायको रेमिशनमध्ये आहे!" आणि ते जमिनीवर फतकल मारून रडायला लागले.

जावकबाबू त्यांच्या शेजारी बसले. "आमच्या हिच्या वेळी," ते म्हणाले, "हे ऐकायला मिळालं नाही आम्हाला. आज मिळालं. सकाळपासून मला इतकं बरं वाटतंय ताई, की नक्की कुठे ठेवू तेच कळेना. म्हणून तसा फोन ठेवला."

ताईंनी मांडीवरची फाईल पुन्हा उघडली. मग त्यांनी पेन मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल कार्यालयात परत आली. साहेबांच्या सहीखाली ताईंचा शेरा होता : "आनंद व्यक्त करण्यात झालेल्या कसुरीबद्दल सर्व संबंधितांनी आज सायंकाळी सहा वाजता माझ्या घरी समक्ष हजर राहून, मोठ्या आवाजात खुलासा करावा. 'परंतु', 'तूर्त' व 'सद्यःस्थितीत' हे शब्द घरात आणू नयेत."

साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि नियमाप्रमाणे "सहमत" लिहिलं.

सहा वाजता सगळे हजर होते. आस्थापनाबाईंनी आल्याआल्या ताईंना मिठी मारली. साहेब म्हणाले, "अतिशय, अतिशय अभिनंदन," आणि 'अतिशय' हा शब्द त्यांनी मुद्दाम दोनदा उच्चारला. राहिले कायदेबाबू. या दारात ते आज पहिल्यांदाच बेल वाजवून आले होते.

"अभिनंदन, ताई," ते म्हणाले. त्यांचं तोंड मात्र मिटेना. ओठ पुढच्या शब्दासाठी तसेच उघडे राहिले. सगळे श्वास रोखून बघत होते. कपाळावर घाम जमला.

ताईंनाच दया आली. "बोला," त्या म्हणाल्या. "माफ आहे. परंतु?"

"परंतु," कायदेबाबू सुटल्यासारखे म्हणाले, "सात महिन्यांत रेकॉर्डरूमचं पार वाटोळं झालंय हो! कुठला कागद कुठे आहे ते एकालाही सापडत नाही. परवा मी दोन तास शोधत होतो. तुम्ही आल्याशिवाय काही खरं नाही."

साहेबांनी कायदेबाबूंना डोळ्यांनी गप्प केलं. आस्थापनाबाईंनी कपाळावर हात मारला.

ताई खुर्चीत ताठ बसल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की यजमानांनी जावकबाबूंचा दंड घट्ट धरला.

"जुने बस्ते कुणी हलवले?" त्यांनी विचारलं. "खरं सांगा. मी सोमवारी बघतेच एकेकाला."