साळिंदराला मिळालेला मान

एका जंगलात, बाळांनो, माणसं राहत नव्हती. त्यामुळे तिथे हवा चांगली होती आणि नेटवर्कही चांगलं होतं.

त्या जंगलात भार्गव नावाचा साळिंदर राहत होता. वय लग्नाचं, बीळ स्वतःचं, काटे लांबसडक. काट्यांमुळे सगळे त्याच्याशी चार हात लांबूनच बोलत. लांबून बोलणारे अहो-जाहो करतात. भार्गवला वाटे, हा आपला मान आहे.

बिळात मात्र एकटेपण होतं. आईवडील शेजारच्या बिळात. तिथून दिवसभर आवाज यायचे. वडिलांचा, "अगं ए!" आणि आईचा, "अहो, आले." पावसाळ्याआधी आपल्याही बिळात कुणीतरी यावं असं भार्गवला फार वाटायचं. म्हणून त्याने 'जोडपान' नावाच्या ॲपवर नाव घातलं. दोघांनी एकमेकांच्या फोटोवर पंजा ठेवला की जोडी जुळायची. पंजा कुणाला कसाही ठेवता येतो. खरी पंचाईत पुढे होती.

जोडी जुळली नदीपलीकडच्या केतकीशी. तीही साळिंदरच, वयाने त्याच्याहून थोडी मोठी, आणि बोलायला मोकळी. आता पहिला निरोप काय पाठवायचा?

भार्गव आधी माकडाकडे गेला. माकड जंगलातलं डेटिंग-तज्ज्ञ होतं. स्वतःचं कुठे जमलं नाही की प्राणी तज्ज्ञ होतो, हे तुम्ही पुढे वर्तमानपत्रात वाचालच. माकड म्हणालं, थेट 'काय गं, काय करतेस' असं लिही, आत्मविश्वास दिसतो. त्याने स्वतः एका हरिणीला असंच लिहिलं होतं. हरिणी शाळेत शिकवायची. तिने उलट विचारलं होतं, "आपली आधीची ओळख आहे का?" आणि त्याला ब्लॉक केलं होतं. हे माकडाने सांगितलं नाही.

मग भार्गव घुबडगुरुजींकडे गेला. गुरुजी निवृत्त होते आणि संस्कृती या विषयावर सगळ्या वाहिन्यांवर बोलायचे. त्यांना दिवसा दिसत नसे, पण ऱ्हास दिसायचा. गुरुजी म्हणाले, "'आपण' म्हणावं. 'आपण' म्हटलं की घराणं कळतं."

भार्गवने लिहिलं, "नमस्कार. आपला परिचय वाचून आनंद झाला. आपले वास्तव्य कुठे असते?"

केतकीचं उत्तर आलं. "मला वाटलं विमा विकायला आलात. 'तुम्ही' म्हटलंत तरी पुरे हो."

भार्गव आधी लाजला, मग सुखावला. 'तुम्ही'वर गाडी बरी चालली. तुम्हाला कुठली मुळं आवडतात, तुमच्याकडे वाळवी आहे का, तुमचे काटे कुणी विंचरले. केतकी थट्टा करायची, पण 'तुम्ही' सोडायची नाही. अनोळखी दोघांत 'तुम्ही' हा बरा शब्द असतो, बाळांनो. त्यात मानही असतो आणि मागे सरकायला जागाही.

पण बोलणं वाढलं तसं 'तुम्ही' बोचायला लागलं. रोज ज्याला सुप्रभात म्हणायचं त्याला किती दिवस अहो म्हणणार? 'तू' म्हणायचं धाडस मात्र होईना. ती मोठी, ती बाई, आणि आधी विचारलेलं नाही. मग भार्गवने तेच केलं जे असे सगळे करतात. त्याने समोरच्याला वाक्यातूनच काढून टाकलं. "जेवण झालं का?" "आज कुठे जाणं झालं?" "पाऊस आवडतो का?"

केतकीने काही दिवस सहन केलं. मग लिहिलं, "जेवण झालं. माझंच झालं. भार्गव, तुमच्या बोलण्यात हल्ली मी सापडत नाही. भेटूया का?"

भेट नदीच्या उथळ पाण्याशी ठरली. सूर्य कलला होता. दोघं समोरासमोर बसले आणि पुन्हा अहो-जाहो सुरू झालं. तेवढ्यात वारा फिरला आणि बिबट्याचा वास आला.

भार्गव उठून म्हणाला, "तुम्ही... म्हणजे मला वाटतं, तुमची हरकत नसेल तर..."

"अरे पळ की!" केतकी म्हणाली आणि त्याला ढकलून पळाली.

दोघं दगडांच्या कपारीत शिरले आणि पाठीचे काटे बाहेर करून बसले. बिबट्याने वास घेतला, विचार केला आणि सशाच्या शोधात निघून गेला. मग दोघांना हसू फुटलं ते आवरेना.

"मी तुला अरे म्हटलं," केतकी म्हणाली. "तुला राग आला?"

"नाही."

"मग आता परत मागे नको जायला. तूही मला तूच म्हण."

बघा, हे असं होतं. वयाने मोठं कोण, तर ती. पुढाकार तिचा. तिने विचारलं, आणि दोघांसाठी विचारलं. यापेक्षा रीतसर काही नसतं. भार्गव "तू" म्हणाला आणि त्याच्या मानेवरचे काटेसुद्धा खाली बसले.

पुढचे दिवस भार्गवच्या आयुष्यातले सर्वात चांगले होते. तू-तू करत दोघं वाटेल ते बोलले. अखेर केतकी त्याचं बीळ बघायला आणि घरच्यांना भेटायला यायची ठरली.

भार्गव आनंदाने गुरुजींना सांगायला गेला. इथेच चुकला. गुरुजींनी डोळे मोठे केले. तसे ते मोठेच होते. म्हणाले, ती तुला सगळ्यांसमोर अरे-तुरे करणार? वडिलांच्या देखत? समाजात काय राहील?

ठरल्या दिवशी आईवडील भार्गवच्या बिळात येऊन बसले आणि केतकी आली. बिळाच्या तोंडाशी भार्गवने तिला थांबवलं.

"एक सांगायचं होतं. आपल्या दोघांत तू चालेल. आत घरच्यांसमोर मला अहो म्हणशील ना?"

केतकीने विचार केला. "म्हणेन की. मग तूही मला अहो म्हण."

भार्गव हसला. त्याला ती थट्टा वाटली. "मी कसा म्हणेन? बायकोला कुणी अहो म्हणतं का?"

आतून वडिलांचा आवाज आला, "अगं ए, पाहुणे आले का बघ!" आणि आईचा, "अहो, बघते."

केतकीने तो आवाज नीट ऐकून घेतला.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे."

भार्गवचं मन भरून आलं. किती पटकन शिकली! तो ऐटीत आत गेला. गुळवेलीची मुळं मांडून झाली, वडील मिशा सारख्या करून बसले. केतकी काही आत आली नाही. थोड्या वेळाने मोबाईल वाजला.

"आपल्या आदरातिथ्याबद्दल आभारी आहे. आपला अमूल्य वेळ घेतला, क्षमा असावी. आपणास पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा."

'तू'वरून 'आपण'वर गेलेला प्राणी परत येत नसतो, बाळांनो. पण भार्गवला ते कळलं नाही. त्याने निरोप गुरुजींना दाखवला. गुरुजींनी मान डोलावली. "किती सुसंस्कृत मुलगी," ते म्हणाले. "हिला सोडू नकोस."

मग आईला दाखवला. आईने तो वाचला. पलीकडून वडिलांची हाक आली तरी ती लगेच उठली नाही.

"शहाणी आहे पोरगी," आई म्हणाली.

"हो ना," भार्गव म्हणाला.

पावसाळा आला. भार्गव अजून बिळाच्या तोंडाशी बसतो. येणारे-जाणारे चार हात लांबून त्याला अहो-जाहो करतात.

तात्पर्य : मान देण्याच्या भानगडीत पडू नये, तो फक्त मागावा. मागणाऱ्याला तो मिळतोच, अख्खा मिळतो, आणि त्यात वाटेकरी कुणी उरत नाही.