अकरा अंगठ्यांचे गूढ

‘टाचणी पडली तरी कुणाच्या खिशातून पडली ते सांगणारा, सातारा-सांगली पट्ट्यातला एकमेव गुप्तहेर’, अशी आकाराम स्वतःची ओळख करून देई. कोरेगावात त्याच्या चपला दोनदा चोरीला गेल्या होत्या. तो तपास अजून चालू होता.

त्याचा मदतनीस म्हणजे मिरजेचा फारूक. सोमवारी तो नोकरीसाठी दुबईला निघणार होता. त्याआधी शाळेतल्या दोस्तांना एकदा डोळे भरून बघावं, एवढीच त्याची इच्छा. म्हणून शनिवार-रविवार ‘खुनी कोण?’ छापाच्या सिनेमांची मॅरेथॉन ठरली. सात सिनेमांची यादी त्यानेच केली. प्रत्येकापुढे लांबी लिहिली, सगळ्यात लांब सिनेमा दोन तास पंचवीस मिनिटांचा म्हणून अडीच तासांचे खण पाडले. शनिवारी अकराला पहिला, दीडला बिर्याणी, सव्वादोनला दुसरा, पावणेपाचला चहा, पाचला तिसरा. रविवारी अकराला आणि सव्वादोनला उरलेले दोन. सातांतले कुठले पाच बघायचे त्यांचे यादीतले आकडे शुक्रवारपर्यंत कळवायचे. आधी बघितला असेल त्याने खुनी सांगायचा नाही. असा सगळा मेसेज, खाली घराचा पत्ता आणि सोमवारच्या विमानाची बातमी.

तो शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र आकारामने टाकला, वर आपली प्रस्तावना जोडून.

अकरा जणांनी मेसेजला अंगठे दिले. आकडे कुणीच कळवले नाहीत. आकारामच्या मते हा लोकांचा विनय होता.

शनिवारी दीड वाजला तरी दारात कुणी नव्हतं. फारूक सारखा दारात जाऊन रस्ता बघत होता. आकाराम मात्र खुलला. आधी त्याने उंब्रजच्या टोळीचा कट शोधला, कारण तिथले तीन अंगठे एकाच मिनिटात आले होते. मग पिवळे अंगठे आणि सावळे अंगठे असे दोन गट पाडून फितुरी सिद्ध केली. शेवटी संशय बिर्याणीवर आला.

“गड्या, ह्यात लय मोठं डोकं हाय,” तो म्हणाला.

फारूकची बहीण सुमैरा ताटं उचलायला आली. तिने आकारामचा फोन बघितला.

“आवं आकारामदादा, सिनेमाचं नाव कुठंय ह्यात? नुसतं तुमचंच कौतुक दिसतंय. बाकीचं सगळं ‘अधिक वाचा’च्या खाली गेलंय. तुमचं कौतुक वाचून पुढं कोण दाबणार?”

फारूकला रडू यावं की हसू, कळेना. सुमैराने त्याच फोनवरून ग्रुपवर चार ओळी टाकल्या: फारूक सोमवारी दुबईला चाललाय. उद्या अकराला घरी या. दोन सिनेमे, जेवण. यादी खाली, आकडे कळवा.

पाच मिनिटांत आकडे यायला लागले. रविवारी नऊ जण आले, उंब्रजचे तिघे तर दहालाच. दुसऱ्या सिनेमात कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे फारूकलाच चिकटून बसले होते. खुनी कोण ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, आकारामला तर नाहीच.

संध्याकाळी ग्रुपवर आकारामचा तपास-अहवाल आला. ‘टाचणी पडली तरी’ इथूनच सुरुवात होती.

अकरा अंगठे पडले. बारावा फारूकने दिला, न वाचताच.