सकटांच्या उंबऱ्यापासून शाळेचं अंतर

सकटांच्या उंबऱ्यापासून शाळा यशला सातशे पावलांवर आहे आणि त्याच उंबऱ्यापासून त्याच्या बहिणीला, पूर्वाला, साडेअकरा किलोमीटरवर. शाळेच्या अंतरनोंदवहीत तसं लिहिलेलं आहे आणि खाली मुळीक गुरुजींची सही आहे. गुरुजी दर जूनला प्रत्येक पोराचं अंतर भरतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मी शेवंता. शाळेत खिचडी शिजवते. मी सातव्या वर्षी घरातून शाळेला निघाले आणि अडतिसाव्या वर्षी पोचले. तोवर वर्ग भरून गेले होते, म्हणून मला चूल दिली. पहिल्या वर्षी गावातली बावीस पोरं माझ्या हातची खिचडी खात नव्हती, कारण मी ओढ्यापलीकडच्या मातंग वस्तीतली, सकटांसारखीच. आता सगळी खातात. तोंडं वाकडी करतात ती मिठासाठी, आणि ते मी ऐकून घेत नाही.

आमच्याकडं हे अंतराचं सगळ्यांना ठाऊक आहे. देशमुखांचा मळा गावापासून दोन किलोमीटर लांब, पण त्यांच्या धाकट्याला शाळा वीस पावलांवर. त्याच्या घरात पुस्तकं आहेत, दारात गाडी आहे, संध्याकाळी शिकवणीचे सर घरी येतात आणि बाप शाळा समितीवर आहे. त्याचीच बहीण सातवीत होती तोवर तिलाही वीसच पावलांवर होती. ती शहाणी झाली त्या आठवड्यात शाळा एकदम चार किलोमीटर मागं सरकली, कारण मुलींच्या संडासाला कडी नव्हती. कडीचा अर्ज दोन वर्षं झाली, तालुक्याला गेलाय. अर्जालाही अंतर असतंच की!

आणि वर्गात शिरलं म्हणजे पोचलं असं समजू नका. पुढच्या बाकावरून फळा दोन हातांवर असतो, मागच्या रांगेतून पाऊण किलोमीटरवर. पूर्वा मागच्या रांगेत बसायची. चौथीत एकदा ती उठून म्हणाली, "गुरुजी, पाणी नव्हतं व्हय हापशाला." सगळा वर्ग खिदळला. गुरुजींनीही हसत हसत तिचं वाक्य सुधारलं. तेव्हापासून ती उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही, आणि हात वर करत नाही म्हणून गुरुजी तिला विचारत नाहीत. फळा पुसायला मात्र तिलाच बोलवायचे. फळा पुसायला गेलं की फळा जवळ येतो, पण तेव्हा त्याच्यावर काहीच उरलेलं नसतं.

मुळीक गुरुजी वाईट नाहीत. त्यांना वीस पावलांवरून सगळं दिसतं, एवढंच.

तर यंदा श्रावणात तालुक्याहून कागद आला. सहावी ते आठवीच्या पोरांना शाळा तीन किलोमीटरच्या आत पाहिजे असा कायदा आहे, मग तुमच्या वहीत साडेअकरा कसे, दुरुस्ती करा. दुरुस्तीला नाईकवाडी नावाचे मोजणीदार आले. सडपातळ माणूस, कपाळाला आठ्या, हातात मोजायचं चाक. सकटांच्या उंबऱ्यापासून चाक ढकलत आले आणि शाळेच्या फाटकात उभे राहून म्हणाले, "सातशे पावलं. वही चुकलीय."

मी चुलीपुढं होते. म्हटलं, "साहेब, मोकळ्या हातानं चाललात."

"मग कशानं चालायचं असतं?"

"पोरगी जे घेऊन चालती ते घेऊन चाला. तुमच्या कागदात त्याला रकाना असंल ना?"

त्यांनी कागद उलटा केला. रकाना होता. आजवर कुणी भरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नाईकवाडी साहेब सकाळी सहाला सकटांच्या दारात हजर. पूर्वाची आई कोंडाबाई, तिनं त्यांना आधी भाकरीच्या पिठाशी बसवलं. मग डोक्यावर हंडा दिला. वस्तीच्या नळाला पाणी सगळ्या गावाचं झाल्यावर येतं, नऊच्या पुढं, आणि खेपा तीन. मग कडेवर पिनू दिला, पूर्वाचा दीड वर्षाचा भाऊ, वजनदार आणि रडका. मग साहेब चाक घेऊन शाळेला निघाले.

दुपारी तीनला पोचले. खिचडी संपली होती. चाकावर साडेअकरा किलोमीटर बरोब्बर. पिनू त्यांच्या खांद्यावर झोपला होता आणि सदऱ्यावर काय काय सांडलं होतं ते सांगत नाही. मी त्यांना तपेल्याची खरवड काढून दिली. ते खात होते आणि मधेच थांबले.

"माझी थोरली बहीण तिसरीतून घरी बसली," ते म्हणाले. "आम्ही तिला मठ्ठ म्हणायचो हो. सगळं घर म्हणायचं. मी पण."

मी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मलाही माझ्या घरात तेच म्हणायचे, आणि मी ते खरं मानून बसले होते.

साहेबांनी अहवाल लिहिला आणि मला वाचून दाखवला. पाण्याच्या खेपा, चार किलोमीटर. पिनू, तीन. भाकऱ्या, दोन. बापाचं 'पोरीला शिकवून काय करायचंय', एक. ओढ्यापासून फाटकापर्यंत जातीचं, एक. आणि बाकी साधी जमीन, अर्धा.

"एवढं लांब म्हटल्यावर पोरीला प्रवासभत्ता मिळतो," साहेब म्हणाले. "जातीचा दाखला जोडा."

दाखल्याला पन्नास सालाच्या आधीचा, बापजाद्यांचा कागद लागतो. पूर्वाच्या पणज्याच्या नावानं जमीन नव्हती आणि तो शाळेत गेला नव्हता. शाळेत का गेला नव्हता ते साहेबांना आता सांगावं लागलं नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

खरी घाई वेगळीच होती. तालुक्याला मुलींची निवासी शाळा आहे. तिथं राहायची खोली आणि वर्ग यांच्यात बारा पावलं, आणि ती सगळ्या मुलींना बाराच. तिची प्रवेश परीक्षा भादव्यातल्या एका रविवारी आमच्याच शाळेत होती. साडेदहाला फाटक बंद. पूर्वाला तिथं जागा मिळाली नाही, तर दसऱ्यानंतर तिला आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचं होतं, पिनूला सांभाळायला. फडापासून शाळा किती लांब ते कुठल्याच वहीत नाही. तिकडं गेलेल्या पोरी मोजतच नाहीत.

म्हणून मी नाईकवाडी साहेबांचा अहवाल घेऊन सकटांच्या दारात गेले आणि एकेक ओळ वाटून दिली. वाचता येत नाही, पण ओळी पाठ झाल्या होत्या.

"पिनूचे तीन मी घेते," मी म्हटलं. "कोंडाबाय, भाकऱ्यांचे दोन तुझे."

"त्या दिशी कामावर उशिरा जाईन मग," कोंडाबाई म्हणाली. "मुकादम वराडला तर वराडू दे."

पाण्याचे चार कुणी घेईना. यश कोपऱ्यात बसला होता. ताईपेक्षा एका वर्षानं लहान. "मी घेतो की," तो म्हणाला. हंड्याशी त्याची आजवर तांब्याएवढीसुद्धा ओळख नव्हती.

राहिला बाप, भिवा. तो चप्पल शिवत बसला होता. मी त्याच्यापुढं उभी राहिले. "भिवा, तुझा एक किलोमीटर हाय."

"माझा?"

"तुझाच. लिवलंय."

त्यानं सुई ओढली. "परीक्षा झाल्यावर बघू," म्हणाला.

"तवर फाटक बंद व्हतं," पूर्वा म्हणाली. घरात ती एवढं मोठ्यानं कधी बोलली नव्हती. भिवानं तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा सुई ओवली.

रविवारी पाणी पावणेदहाला आलं. मेलं त्याच दिवशी! यशनं पहिला हंडा आणला तो निम्मा अंगावर. दुसऱ्या खेपेला पाय घसरला आणि हंडा दगडावर आपटला. पूर्वा तेव्हा ओढ्यापर्यंत गेली होती, मी पिनूला घेऊन मागोमाग. यशचा रडायचा आवाज आला तशी ती थांबली.

यश ओल्या कपड्यांनी वाटेत बसला होता आणि इकडंतिकडं बघत होता. "शाळा कुठं गेली?" तो म्हणाला. "हितं तर व्हती!" बिचाऱ्याला ती पहिल्यांदाच चार किलोमीटरवर गेली होती.

पूर्वा वळली. तिला सवयच तशी, कुणी रडलं की वळायचं. तिनं एक पाऊल मागं टाकलं आणि शाळेचं फाटक लिंबाएवढं झालं.

"ताय, फिरू नगंस!" यश ओरडला. "मी आणतो पाणी! तू जा!"

ती तिथंच उभी. मागं जावंना, पुढं जावंना. तेवढ्यात भिवा आला. त्यानं पडलेला हंडा उचलला, पोचा आला होता तो अंगठ्यानं चाचपला आणि हंडा यशच्या डोक्यावर ठेवला. मग ओढ्याकडं बघून म्हणाला, "जा बाई. शिक."

फाटक पुन्हा फाटकाएवढं झालं. ओढ्यापासूनचा एक किलोमीटर तेवढा राहिला. तो कुणाला घेता येत नाही, आम्ही करून बघितलंय. तो तिनंच चालला, भराभरा, देशमुखांच्या गावातल्या कट्ट्यावरून आणि माना वळवून बघणाऱ्या सगळ्यांवरून. दहा वाजून सत्तावीस मिनिटांनी ती आत शिरली. परीक्षेत नंबरानं बसवतात, त्यामुळं तिला पहिला बाक आला. बाहेर आल्यावर म्हणाली, "आत्या, पेपर एकदम जवळ व्हता गं."

तिला जागा मिळाली. गुरुजींनी वहीत साडेअकरा खोडून बारा पावलं लिहिलं, आणि लिहिताना त्यांचा चष्मा दोनदा घसरला. यश आता रोज चार किलोमीटर चालून येतो, कारण पाणी त्याच्याकडंच राहिलं. गुरुजी गणिताचा तास तो येईपर्यंत थांबवतात. मागच्या रांगेलाही प्रश्न विचारतात. फळा अर्ध्या किलोमीटरवर आलाय.

दिवाळीच्या सुट्टीत पूर्वा आली ती थेट माझ्याकडं. शाळा बंद होती, मी भांडी घासत होते. तिनं माझ्या हातातून डाव काढून घेतला.

"आत्या, चुलीपासून वर्ग किती लांब हाय?"

"गुरुजींना चौदा पावलं," मी म्हटलं. "मला लई."

"हात धू. चल."

अकराला निघालो आणि उन्हं कलताना दारात पोचलो. वाटेत तिनं मला दोनदा बसवलं आणि एकदा पाणी पाजलं. कुलपाची किल्ली गुरुजींकडून तिनं आधीच आणली होती. तिनं मला पहिल्या बाकावर बसवलं, खडू घेतला आणि फळ्यावर तीन अक्षरं काढली.

"ही तू," ती म्हणाली.

मी उठले आणि फळ्याशी गेले. तीन पावलं होती. अक्षरांवरून बोट फिरवलं, पुसणार नाही असं बेतानं. सुट्टी संपून शाळा भरली तरी गुरुजींनी तो फळा आठवडाभर पुसू दिला नाही. त्या आठवड्यात त्या खोलीतले सगळे वर्ग व्हरांड्यात भरले.